पावसाळ्यात रात्री ओढ्यावर बेडकांचा सर्व्हे: जोखीम-पत्रक नेमकं कसं लिहायचं?

मृद्गंध_२

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधासाठी जुलै-ऑगस्टमध्ये मुळशी तालुक्यात, ताम्हिणीच्या अलीकडे, एका ओढ्यावर रात्री बेडकांचा सर्व्हे करायचा आहे. ओढ्याच्या कडेने शंभर-शंभर मीटरच्या तीन पट्ट्या आखल्यात. संध्याकाळी सात ते साडेदहा या वेळात हळूहळू चालत जायचं आणि दिसलेला, ऐकू आलेला प्रत्येक बेडूक नोंदवायचा. आम्ही चौघं आहोत. मी, दोन ज्युनियर मुली आणि गाडी चालवणारा एक वर्गमित्र.

विभागाचा छापील फॉर्म आहे. प्रत्येक धोक्याला शक्यता १ ते ५ आणि परिणाम १ ते ५ असे गुण द्यायचे आणि गुणाकार करायचा. मी भरलं ते असं: साप १०, ओढ्याचं पाणी १०, घसरून पडणं ८, जळवा ५, गाडीचा प्रवास ५. उपायाच्या रकान्यात 'सावधगिरी बाळगणे', 'प्रथमोपचार पेटी सोबत ठेवणे' वगैरे. मॅडमनी दोन मिनिटांत परत केलं. म्हणाल्या, "यावरून रात्री नऊ वाजता तुम्ही काय कराल ते मला कळत नाही." मग काय लिहायचं असतं? कुणी असं पत्रक खरोखर वापरलंय का?

भटक्या_भोर

मी बरीच वर्षं सह्याद्रीत फिरतोय, म्हणून सांगतो. एक, तीस मीटर दोर घ्या. पाणी वाढलं तर एकाने पलीकडे जाऊन दोर बांधायचा आणि बाकीच्यांनी कमरेला बांधून ओलांडायचं. दोन, सापाचं औषध सोबत ठेवा, पुण्यात मिळतं. तीन, तिकडे रेंज नसते, त्यामुळे ते उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र कुणाकडून तरी मागून घ्या, परदेशातून लोक आणतात. चार, गावातला माणूस सोबत घ्या. पाच, प्रत्येकाकडे दोन टॉर्च, एक डोक्याला आणि एक खिशात.

जुना_ओढेकरी

भटक्या, तुमचा चौथा आणि पाचवा मुद्दा सोन्यासारखा. पहिले तीन मात्र पत्रकात लिहिले तर मॅडम पुन्हा परत करतील, आणि करायलाच हवेत.

दोराचं आधी. वाहत्या पाण्यात माणसाला दोराला पक्कं बांधायचं नसतं. पाय सुटला की प्रवाह त्याला खाली ओढतो, दोर वर धरून ठेवतो, आणि डोकं पाण्याखाली राहतं. तुम्हाला वाटतं आपण वाचवतोय. शिवाय दोर हातात असला की जे पाणी बघून मागे फिरलो असतो त्यातच उतरायचा धीर येतो.

आता मृद्गंध, तुझ्यासाठी. गुणाकाराचा त्रास असा की साप १० आणि पाणी १० लिहिलं की दोन्ही सारखेच वाटतात. प्रत्यक्षात सापासाठी तुला हवेत बूट, टॉर्च आणि दवाखाना. पाण्यासाठी हवा आहे एक निर्णय, आणि तो निर्णय घरी बसून, कोरड्या कपड्यांत घेतलेला असला पाहिजे. म्हणून गुण बाजूला ठेव आणि मला एवढंच सांग: गाडी जिथे लावणार तिथून पट्ट्यांपर्यंत जाताना ओढा किती वेळा ओलांडावा लागतो?

मृद्गंध_२

सर, दोनदा. पहिली पट्टी गाडीच्याच बाजूला आहे. दुसरीसाठी एकदा पलीकडे जावं लागतं आणि तिसरीसाठी पुन्हा अलीकडे, पण वरच्या अंगाला. मे महिन्यात बघून आलो तेव्हा घोट्याएवढंही पाणी नव्हतं.

जुना_ओढेकरी

मग तुझं अर्धं पत्रक इथेच लिहून झालं. दुसरी आणि तिसरी पट्टी ओढा न ओलांडता गाडीच्या बाजूनेच जाता येईल अशा जागी आण. जमत नसेल तर दोनच ठेव. नमुना लहान झाला तर प्रबंधात एक परिच्छेद जास्त लिहावा लागेल, बस. धोक्याची जागाच बदलता येत असेल तर त्यावर उपाय शोधत बसायचं नाही.

मे महिन्यातल्या ओढ्यावरून जुलैचा ओढा कळत नाही. आपल्या घाटमाथ्यावर वर पातळ माती आणि खाली काळा कातळ. पाऊस मुरायला जागा कमी, उतार तीव्र, पाणलोट छोटं. त्यामुळे जोराची सर आली की पाणी अर्ध्या-पाऊण तासात चढतं, आणि सर थांबली की बहुतेक वेळा काही तासांत उतरतंही. हा दुसरा भाग लोक विसरतात. अडकलात तर तुमचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे थांबून राहणं. थांबायची तयारी नसली की माणूस पाण्यात उतरतो. म्हणून पाठीवरच्या पिशवीत प्रत्येकाचा एक कोरडा स्वेटर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, डोक्यावर धरायला एक प्लॅस्टिकचा कागद, आणि काहीतरी गोड खायला. जुलैत रात्री ओल्या कपड्यांत वारा लागला की दोन तासांत दात वाजायला लागतात आणि मग डोकं नीट चालत नाही.

आणि वर पाऊस पडतोय हे खाली कळेलच असं नाही. तुमच्या डोक्यावर रिमझिम असते आणि वरच्या खोऱ्यात ढग ओततोय. म्हणून गेल्या गेल्या काठावरच्या एका दगडावर पाण्याच्या रेषेला खडूने नाही, तेलखडूने खूण करायची. साधा खडू पहिल्या सरीत धुऊन जातो. एकाला काम द्यायचं, दर वीस मिनिटांनी खूण बघ. पाणी चार बोटं चढलं, किंवा स्वच्छ होतं ते गढूळ झालं, किंवा पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, किंवा आवाज जड झाला, की वही बंद. यातलं एक पुरे, चारही व्हायची वाट बघायची नाही. चर्चा नाही, "हा एवढा बेडूक नोंदवते" नाही. आणि हे म्हणायचा अधिकार सगळ्यात ज्युनियर मुलीलाही आहे, हे पत्रकात शब्दांत लिही.

कोथरूडची_आई

मला एक कळत नाही, एवढ्या बंद्या असताना कॉलेज मुलांना धबधब्यावर नेतातच कसं? ३० जून २०२४ला लोणावळ्याला भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला. माझा मुलगा डिसेंबरात भिगवणला फ्लेमिंगो बघायला कॉलेजबरोबर जाणार आहे. त्यासाठी असं पत्रक मागता येतं का? आणि विमा असतो का?

भटक्या_भोर

ताई, ही धबधब्याची सहल नाही हो, अभ्यास आहे. भिगवणला होडीत लाइफ जॅकेट घालतात का तेवढं विचारा आणि खुशाल पाठवा.

जुना_ओढेकरी

ताईंचा प्रश्न अगदीच गैरलागू नाही. पावसाळ्यात जिल्हाधिकारी ठरावीक पर्यटनस्थळी पाण्यात उतरायला मनाईचे आदेश काढतात, आणि तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून पोलीस ओळखपत्र बघून सोडतील असं नाही. मृद्गंध, तुझी जागा त्यात येते का ते बघ. आणि ताम्हिणी अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली परवानगी लागते. त्याला वेळ लागतो, जूनमध्ये अर्ज करून जुलैत मिळेल अशी आशा नको. आणि ताई, विम्याचं कॉलेजलाच विचारा, कागद मागून घ्या.

मृद्गंध_२

जागा अभयारण्याबाहेर, गावच्या खासगी मालकीत आहे. मालकांशी बोलणं झालंय. वनविभागाला माहितीसाठी पत्र देतेय.

सापाच्या औषधाचं काय? भटक्यादादांनी सांगितलं म्हणून विचारते. एका ज्युनियरची आई नर्स आहे, ती आणून देईन म्हणते.

ग्रामीण_वैद्य

नको. मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो.

प्रतिविष शिरेतून द्यावं लागतं. सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. आणि ते दिल्यावर काही जणांना इतकी तीव्र अॅलर्जी येते की रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो. तेव्हा अॅड्रेनलिन, ऑक्सिजन आणि ते हाताळणारा माणूस लागतो. जंगलात टॉर्चच्या उजेडात हे होत नाही. दुसरं म्हणजे, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी आहे. तुम्ही ओढ्याकाठच्या झुडपांत बेडूक शोधणार, तिथे जो भेटण्याची शक्यता जास्त तो हिरवा चापडा, आणि त्याच्यावर ते चालत नाही. त्याच्या दंशाने सूज आणि वेदना भरपूर, जीव जाणं क्वचित. पण कोणता साप होता हे अंधारात तुम्ही ठरवायचं नाही. दवाखान्यात यायचं.

घट्ट आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ लगेच काढायचं, नंतर सुजेमुळे निघत नाही. पाय असेल तर काठ्या लावून तुटलेल्या हाडासारखा बांधायचा, आणि त्या माणसाला चालू द्यायचं नाही. चौघांत एकाला चावला तर उरलेले तिघं त्याला गाडीपर्यंत उचलून नेऊ शकतात का? हे पत्रकात लिहा. तिसऱ्या पट्टीवरून शक्य नसेल तर तिसरी पट्टी नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जवळचा दवाखाना आणि योग्य दवाखाना एकच असेल असं नाही. आदल्या आठवड्यात दिवसा स्वतः जाऊन विचारा: रात्री डॉक्टर असतात का, आज प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत, श्वास बंद पडला तर पुढे कुठे पाठवता. पौडकडे वळायचं की घाट उतरून माणगावला, हे तुमच्या जागेवर आणि त्या रात्रीच्या रस्त्यावर ठरेल. नकाशावरचे मिनिटं धरू नका. धुक्यात घाटाला दुप्पट वेळ लागतो.

भटक्या_भोर

प्रतिविषाचं मान्य. पण उपग्रह यंत्र का नको? परदेशी विद्यापीठांच्या सगळ्या नियमावल्यांत ते पहिलं असतं.

जुना_ओढेकरी

तिकडच्या नियमावल्या तिकडच्या कायद्यावर उभ्या आहेत. आपल्याकडे दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसं मेसेज पाठवणारं यंत्र बाळगणं बेकायदा आहे. विमानतळांवर अशी यंत्रं सापडलेल्या परदेशी प्रवाशांना अटकही झाली आहे. मुलीला जोखीम-पत्रकाच्या नावाखाली पोलीस केस नको. ४४६ मेगाहर्ट्झवरचे कमी ताकदीचे वॉकीटॉकी विनापरवाना चालतात, पण ते तुमच्या तुमच्यात बोलायला. खोऱ्यातून पुण्याला पोचत नाहीत.

म्हणजे आपल्याकडे उरतं एकच साधन: पुण्यात जागा असलेला एक माणूस आणि घड्याळ. लोक लिहितात, "घरी कळवले आहे." काय कळवलं? आईला वाटतं रेंज नसेल, सकाळी फोन करतील. दहाला नाही आला, अकराला नाही आला, ती जागीच असते पण उगाच गोंधळ नको म्हणून थांबते. ते थांबणंच काढून टाकायचं आहे. तेव्हा वेळेचा आराखडा कर आणि इथे टाक.

मुळशीकर

मी त्याच पट्ट्यातला. पोरांनो, गावात चार जणांना सांगून ठेवा. रात्री ओढ्यात टॉर्च हलताना दिसल्या की लोकांना वाटतं चोर नाहीतर मासे मारणारे. काठ्या घेऊन येतात. सरपंचाला, पोलीस पाटलाला आधीच भेटा.

अजून एक. जोराचा पाऊस झाला की इथे लाइट जाते, आणि लाइट जाऊन काही तास झाले की टॉवरपण झोपतो. म्हणजे ज्या रात्री फोन लागायला हवा त्याच रात्री गावातला फोन लागत नाही. एका घराचा नंबर घेऊन चालणार नाही. दोन घरं घ्या, दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं असलेली.

आणि रात्री पुण्याला परत जाऊ नका. आमच्याकडे राहा. फक्त डोंगराच्या पायथ्याला चिकटलेलं घर घेऊ नका. माळीण ३० जुलै २०१४ला सकाळी असंच दरडीखाली गेलं.

मृद्गंध_२

सगळ्यांचे आभार. नवा आराखडा टाकते. पट्ट्या आता दोनच, दोन्ही गाडीच्या बाजूला.

निघायच्या आधी, दुपारी बारा: हवामान खात्याचा पुणे घाटमाथ्याचा इशारा बघायचा, पुणे शहराचा नाही. नारिंगी किंवा लाल असेल तर रद्द. पिवळा असेल तर जागेवर जाऊन ओढा बघून ठरवायचं.

सव्वासहा: फाट्यावर, जिथे शेवटची रेंज मिळते, तिथून पुण्यातल्या संपर्क-व्यक्तीला "आत जातोय" असा मेसेज. तिचं उत्तर आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पावणेसात: गाडी लावून पाण्याची खूण.

सात ते साडेनऊ: सर्व्हे. साडेनऊला जिथे असू तिथून परत.

दहा: गाडीपाशी. साडेदहा: फाट्यावर येऊन "बाहेर" असा मेसेज. मग मुक्कामाला गावात.

सव्वाअकरापर्यंत "बाहेर" आलं नाही तर संपर्क-व्यक्ती चौघांचे फोन लावेल. साडेअकराला गावातल्या पहिल्या घराला, न लागल्यास दुसऱ्या घराला फोन. ते बाइकवरून जाऊन गाडी जागेवर आहे का बघतील. गाडी असेल आणि आम्ही नसू, तर बारा वाजता ११२ला फोन आणि महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला कळवणं. गाडी नसेल तर आम्ही रस्त्यावर कुठेतरी आहोत, म्हणजे शोध रस्त्यावर.

संपर्क-व्यक्तीकडे एक पान असेल: चौघांची नावं, रक्तगट, घरचे नंबर, गाडीचा नंबर आणि रंग, गाडी लावायची जागा, दोन्ही पट्ट्यांच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश.

जुना_ओढेकरी

आता हे पत्रक वाटतंय. तीन फटी दाखवतो.

पहिली. साडेअकराला दोन्ही घरांचे फोन लागलेच नाहीत तर? मुळशीकरांनी सांगितलंच की ती शक्यता नेमकी त्याच रात्री जास्त. तेव्हा लिही की दोन्ही न लागल्यास बारापर्यंत वाट बघायची नाही, तिथेच ११२.

दुसरी. तुम्ही सुखरूप आहात, पण पाणी वाढलंय किंवा वाटेवर झाड पडलंय म्हणून थांबलात. तुम्हाला माहीत आहे की सव्वाअकराला पुण्यात धावपळ सुरू होणार. तेव्हा "उगाच सगळ्यांना त्रास" म्हणून कुणीतरी पाण्यातून मेसेज पाठवायला निघेल. हे हमखास होतं. लिहून ठेव: मेसेजसाठी कुणीही एकटं निघायचं नाही आणि पाणी ओलांडायचं नाही. धावपळ झाली तर झाली. बाइकवरून येणाऱ्यालाही सांग, खाली उतरायचं नाही, गाडीपाशी उभं राहून हॉर्न वाजवायचा. तुम्ही शिट्टीने उत्तर द्यायचं, तीनदा म्हणजे सगळे ठीक पण अडकलोय, सतत म्हणजे कुणीतरी जखमी. खुणा तुमच्या तुम्ही बदला, पण त्या माणसाला माहीत हव्यात.

तिसरी. संपर्क-व्यक्ती कोण? तुझी रूममेट असेल आणि ती अकराला झोपत असेल तर हा सगळा कागद व्यर्थ.

पाणथळ७

एक वेगळाच प्रश्न. माणसं रात्री जायलाच हवीत का? दिवसा जाऊन झाडाला आवाज नोंदवणारी पेटी बांधा, आठवड्याने कार्ड काढून आणा. जोखीमच संपली.

मृद्गंध_२

विचार केला होता. झुडुपी बेडकांसाठी चालेल. पण ओढ्यातल्या रातबेडकांचा आवाज पाण्याच्या खळखळाटात बुडतो, आणि माद्या, पिल्लं तर ओरडतच नाहीत. माझा प्रश्न अंडी कुठे घातली जातात हा आहे. तो पेटीला दिसत नाही.

पाणथळ७

मग निदान अर्ध्या फेऱ्या पेटीवर ढकला. चार रात्रींऐवजी दोन.

जुना_ओढेकरी

याच्याशी मी सहमत आहे, पण ते मॅडम आणि तू ठरवा.

ग्रामीण_वैद्य

बुटांचं कुणी बोललं नाही. गुडघ्याखालपर्यंतचे गमबूट घाला. घोणस, फुरसं यांचे दंश बहुतेक पायालाच असतात.

भटक्या_भोर

डॉक्टर, शेवाळलेल्या कातळावर गमबूट म्हणजे साबणावर उभं राहणं. आणि पाण्यात भरले की पाय उचलत नाही. मी तर पकड असलेले बूट आणि वर जाड गेटर सांगेन.

जुना_ओढेकरी

यावर माझंही ठरलेलं मत नाही. तिच्या यादीत घसरण्याला ८ आहेत आणि सापाला १०, पण रोज घडणारी गोष्ट घसरण्याची. आता पट्ट्या काठावरून आहेत, पाण्यातून नाहीत, म्हणून गमबुटाकडे थोडा झुकतो. दिवसा दोन्ही घालून त्याच पट्टीवर चालून बघा.

गाडीच्या प्रवासाला मात्र तू ५ गुण दिलेत, ते मला पटलेलं नाही. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी सर्व्हे, आणि रात्री धुक्यात दमलेला मुलगा गाडी चालवतोय, यात मुक्काम नसता तर मी हाच धोका सगळ्यात वर लिहिला असता. फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ताही त्यात धर. त्याने सर्व्हेच्या दिवशी दुपारी झोप काढायची, आणि पट्टीवर त्याला नोंदीचं काम द्यायचं नाही. पाण्याची खूण बघायचं काम त्याचं.

मृद्गंध_२

हे बदलते. संपर्क-व्यक्ती म्हणून मॅडमनाच विचारलं. त्या हो म्हणाल्या, पण अट घातली की पहिल्या फेरीआधी एकदा खोटी तालीम करायची. शुक्रवारी आम्ही पुण्यातच बसून "बाहेर" मेसेज पाठवायचा नाही आणि त्या सव्वाअकरापासून पानावरच्या क्रमाने फोन करून बघणार. ११२ सोडून, अर्थात. मुळशीकरकाका, दुसऱ्या घराचा नंबर तुमच्या ओळखीतून मिळेल का?

मुळशीकर

मिळेल, व्यनि करतो. पण शुक्रवारी आमच्याकडे भजन असतं, साडेअकराला कुणी फोन उचलणार नाही. शनिवारी करा.